हप्त्याच्या पोटात काय दडलंय?

"भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा हप्ता भरावा, घर तरी आपलं होतं." लग्न ठरलं, नोकरी कायम झाली की हे वाक्य प्रत्येकाच्या कानावर पडतं. गृहकर्जाच्या हप्त्याचं गणित एकदा नीट उलगडून पाहिलं, की हे वाक्य किती अर्धवट आहे ते कळतं. आणि त्याहून मोठं नवल म्हणजे, त्या एका ठरलेल्या आकड्याच्या आत केवढ्या हालचाली चालू असतात!

पुण्यातला दोन बेडरूमचा, तयार इमारतीतला रिसेलचा फ्लॅट घेऊ. किंमत 80 लाख. तसाच फ्लॅट त्याच सोसायटीत मेंटेनन्स धरून 22,000 रुपये भाड्याने मिळतो, असं समजू. 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते, म्हणून कर्ज 64 लाख. उरलेले 16 लाख आपले. शिवाय पुणे शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. कर्जाची मर्यादा काढताना हा खर्च घराच्या किमतीत धरत नाहीत, त्यामुळे तोही खिशातूनच जातो. दलाली आणि रंगरंगोटी सोडून किल्ली हातात येईपर्यंत जवळजवळ 22 लाख लागले. भाडेकरूचे तीन महिन्यांची अनामत धरली तर 66 हजार अडकतात, आणि ते घर सोडताना परत मिळायचे असतात.

आता हप्ता. साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं मुदत, महिना 55,541 रुपये. पहिला हप्ता उघडून पाहा. 64 लाखांवर एका महिन्याचं व्याज होतं 45,333 रुपये. मुद्दल फिटलं फक्त 10,208 रुपये. घर "आपलं" झालं ते एवढंच. बाकीचे 45 हजार म्हणजे वापरायला घेतलेल्या पैशांचं भाडं. घरमालकाऐवजी ते बँकेला दिलं, आणि तेही 22 हजारांच्या दुपटीहून जास्त.

दुसऱ्या महिन्यात मुद्दल किंचित कमी झालेलं असतं, म्हणून व्याज 72 रुपयांनी घटतं आणि तेवढेच रुपये मुद्दलाकडे वळतात. हप्ता तोच, आतली वाटणी दर महिन्याला सरकत जाते. मग मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा कधी होतो? आपल्याला वाटेल दहाव्या वर्षी, मध्यावर. प्रत्यक्षात तो होतो 143व्या हप्त्याला, म्हणजे बारावं वर्ष सरत आलेलं असताना.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट याच्या पुढची आहे. हा पालटाचा क्षण कर्ज किती मोठं आहे यावर अवलंबूनच नसतो. 10 लाख घ्या नाही तर एक कोटी, साडेआठ टक्के दराला मुद्दलाचं पारडं जड होतं ते शेवटच्या 98 हप्त्यांतच. मुदत 30 वर्षं केली तरी शेवटचे 98च. आधीची जवळजवळ 22 वर्षं हप्त्यात व्याजाचाच वाटा मोठा. "मुदत वाढवा, हप्ता हलका होतो," असं सांगितलं जातं ते खरं आहे, पण वाढवलेली सगळी वर्षं या व्याजाच्या बाजूला जाऊन पडतात.

दराचंही तसंच. पहिल्याच वर्षी व्याज साडेआठवरून साडेनऊ झालं आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर 20 वर्षांचं कर्ज जवळजवळ पावणेसव्वीस वर्षांवर जातं. एका टक्क्याला पावणेसहा वर्षं! मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा असंख्य कर्जदारांच्या मुदती अशाच गुपचूप लांबल्या. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्यावं. हा हक्क जरूर वापरावा.

याच गणिताची उजळ बाजूही तितकीच विलक्षण आहे. सुरुवातीलाच एक लाख रुपये जास्तीचे भरले, तर शेवटचे साडेनऊ हप्ते गळून पडतात, म्हणजे सव्वापाच लाखांचे हप्ते वाचतात. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही.

आता पाच वर्षांनी नोकरी बदलून बंगळूरला जायची वेळ आली असं धरू. भरलेले हप्ते 33 लाख 32 हजार. तरीही कर्ज शिल्लक 56 लाख 40 हजार. व्याजात गेले 25 लाख 72 हजार, मुद्रांक आणि नोंदणीत 5 लाख 90 हजार, मेंटेनन्स आणि मालमत्ता करात महिना 5,000 प्रमाणे 3 लाख. सुरुवातीचे 22 लाख सात टक्क्यांच्या ठेवीत असते तर साध्या हिशेबानेही साडेसात लाखांवर व्याज आलं असतं, तेही गेलं. बेरीज 42 लाख. भाडेकरूने दरवर्षी पाच टक्के वाढ देऊनही पाच वर्षांत 14 लाख 59 हजार भरले. दलाली, करार आणि सामान हलवायचा टेम्पो धरून सव्वापंधरा. फरक 27 लाखांचा. म्हणजे 80 लाखांचा फ्लॅट एक कोटी सात लाखांना विकला गेला तरच दोघांची बरोबरी. वर्षाला सुमारे सहा टक्के वाढ हवी, आणि भाडेकरूने दरमहा वाचलेले पैसे खरोखर गुंतवले असतील तर त्याहूनही जास्त.

भाडेकरूचीही छुपी किंमत असते. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार संपताना मालकाचा मुलगा परत येतो, आणि मुलांची शाळा मध्यावर असताना घर शोधायची वेळ येते. अनामतीतून रंगाचे पैसे कापले जातात. मुख्य म्हणजे हप्ता जसा सक्तीने बचत करवून घेतो तशी भाडं करवून घेत नाही. महिन्याचे वाचलेले तीस-पस्तीस हजार खर्च होऊन गेले तर भाडेकरूच्या बाजूचं सगळं गणित कोसळतं.

शिवाय काळ घर घेणाऱ्याच्या बाजूने काम करतो. 22,000 रुपयांचं भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढलं तर विसाव्या वर्षी किती होईल? 55,593. हप्त्याच्या जवळजवळ रुपयाला रुपया! भाडं हप्त्याला गाठतं नेमकं त्या वर्षी, ज्या वर्षी हप्ता संपतो. त्यानंतर एकाला फक्त मेंटेनन्स आणि कर, तर दुसऱ्याला वाढतं भाडं. मुद्रांक शुल्काचे सहा लाखही पाच वर्षांवर टाकले तर जड, 20 वर्षांवर टाकले तर हलके.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. त्याच शहरात दहा-बारा वर्षं राहायचं पक्कं नसेल, किंवा 22 लाख देऊन हाताशी सहा महिन्यांचा खर्च उरत नसेल, तर निःसंकोच भाड्याने राहावं आणि फरक दरमहा बाजूला टाकावा. मुक्काम पक्का असेल तर घर घ्यावं, मुदत पेलेल तेवढी लहान ठेवावी आणि पहिल्या काही वर्षांत जमेल तेवढं जास्तीचं भरावं. सही करण्याआधी बँकेकडून परतफेडीचा पूर्ण तक्ता मागून घ्या आणि साठाव्या हप्त्यानंतरची शिल्लक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.