कॅन्सर होण्याआधीच कापलेली गाठ

सातपुड्याच्या पट्ट्यात अंगात रक्त कमी असण्याचं कुणाला नवल वाटत नाही. कुपोषण आहे, सिकलसेल आहे. समजा, शहाद्याकडच्या पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याचं हिमोग्लोबिन ८ वर आलं, तर हातात लोहाच्या गोळ्या पडतात. शौचातून रक्त गेलं तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून विषय मिटतो. असेलही. पण या वयाच्या पुरुषाचं लोह घटत असेल, तर रक्त कुठून झिरपतंय हे आधी शोधायला हवं, आणि ते बहुतेकदा पचनमार्गातूनच झिरपत असतं.

मोठ्या आतड्यापुरता हा शोध कोलोनोस्कोपीने लागतो. निम्मं कष्टाचं काम रुग्णाचंच असतं: जुलाबाचं औषध अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे. शौचाला नितळ पिवळसर पाणी होऊ लागलं की आतडं साफ झालं समजायचं. घाण उरली तर चपट्या गाठी तिच्याखाली लपतात. दुर्बीण अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत नेतात आणि बारकाईने पाहतात ते परत येताना, किमान ६ मिनिटं घेऊन.

आता या शेतकऱ्याच्या आतड्यात २५ मिलिमीटरचा, देठ असलेला पॉलिप दिसला असं धरू. डॉक्टर दुर्बिणीतूनच तारेचा फास देठाभोवती आवळतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. देठ कापला जातो, रक्तवाहिनी शेकून बंद होते. अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. क्वचित नंतर रक्तस्राव होतो, त्याहून क्वचित आतड्याला छिद्र पडतं.

गाठ पॅथॉलॉजीकडे जाते आणि अहवालात ‘अडेनोमा’ येतं. हा कॅन्सर नव्हे, पण त्याच वाटेवरचा टप्पा. आतड्याचं अस्तर काही दिवसांतच नवं होत असतं. एखाद्या पेशीतला एपीसी जनुक बिघडला की तिथली वाढ आवरत नाही आणि अडेनोमा उगवतो. पुढे केआरएएस, मग टीपी५३ अशा जनुकांत बिघाड साठत जातात. बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या चमूने ही साखळी १९८८ मध्ये दाखवली. तिला साधारण १० वर्षं लागतात, आणि दुर्बिणीला संधी मिळते ती याच काळात. बहुतेक अडेनोमा कॅन्सरपर्यंत पोचत नाहीत. पण कोणता पोचेल हे नुसतं पाहून सांगता येत नसल्याने दिसेल तो काढतात.

अमेरिकेतल्या ‘नॅशनल पॉलिप स्टडी’ने १९९३ मध्ये याचा पुरावा दिला. अडेनोमा काढलेल्या १,४१८ जणांवर लक्ष ठेवलं, तेव्हा फक्त ५ कॅन्सर सापडले. एरवी, तुलना कोणाशी करता त्यानुसार, २० ते ४८ अपेक्षित होते.

म्हणून काय नंदुरबारात सरसकट सगळ्यांची दुर्बीण करायची? मला तसं वाटत नाही. भारतात या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे. पन्नाशीच्या आसपास रक्त जाणारे, कारण न सापडता लोह घटलेले आणि घरात हा कॅन्सर झालेला असणारे आधी तपासावेत. आपल्या शेतकऱ्याची गाठ मोठी होती. ती पूर्ण निघाली असेल तर पुढची कोलोनोस्कोपी साधारण ३ वर्षांनी, आणि तोवर हिमोग्लोबिन वर चढतंय का हे पाहत राहायचं. चढलं नाही, तर जठराचीही दुर्बीण करावी लागेल.