दुकानाचा हिशोब, भाग 14 : 31 मार्चच्या रात्री मोजलेला माल

आज घसाऱ्यावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मध्येच एका किराणा दुकानदार वाचकाने आपल्या सीएंना लिहिलेलं पत्र मला वाचायला पाठवलं आणि ते बाजूला ठेववेना. त्यांच्या परवानगीने त्यातला मुख्य भाग देतो.

‘साहेब, नमस्कार. वहीप्रमाणे माझ्याकडे 7,20,000 रुपयांचा माल हवा होता, मोजला तो 6,66,000 चा भरला. 54,000 कुठे गेले, असं तुम्ही फोनवर विचारलंत. यंदा पाडवा 30 मार्चला होता, त्यामुळे मोजदाद दुसऱ्या दिवशी रात्री शटर ओढून केली. मुलगा लिहीत होता, मी सांगत होतो. आधी आम्ही पुड्यावरच्या छापील किमती धरल्या, तेव्हा 7,48,000 झाले आणि वहीपेक्षा माल जास्त दिसायला लागला! मग सगळं पुन्हा खरेदीच्या बिलांवरून, जीएसटी वगळून मांडलं.

तेलाच्या डब्यांचं 24,000 चं बिल 29 मार्चचं आहे. ते खरेदीत चढलं, पण टेम्पो दारात आला 2 एप्रिलला. डबे दुकानात नव्हतेच, म्हणून मोजले नाहीत. घरात दर महिन्याला साधारण 1,300 रुपयांचं वाणसामान दुकानातूनच जातं, त्याचं बिल आम्ही कधी फाडलं नाही. वर्षाचे 15,600 झाले. मुदत संपलेली बिस्किटं आणि नूडल्स 4,700 ची आहेत. ती फळीवर आहेत, पण त्यांची किंमत मी शून्य लावली. पावसाळ्यात पाझरलेला गूळ, कीड लागून चाळलेली डाळ, पोत्यातून सांडलेली साखर धरून 3,300. उरलेल्या 6,400 चा मेळ मला लागत नाही. उगाच कारण जोडून देत नाही.’

शेवटची दोन वाक्यं वाचून मला या माणसाबद्दल फार आदर वाटला. पण त्या 6,400 ची त्यांना वाटते तितकी काळजी करायचं कारण नाही, आणि ते कळण्यासाठी वहीतले 7,20,000 आले कुठून हे पाहायला हवं.

या दुकानात प्रत्येक वस्तूची आवक-जावक नोंदली जात नाही. वहीतला साठा हा काढलेला आकडा आहे. सुरुवातीचा माल 5,80,000 आणि वर्षाची खरेदी 41,00,000 मिळून 46,80,000. विक्री 44,00,000. गेल्या वर्षी विक्रीवर 10 टक्के नफा सुटला होता, तोच यंदा धरला, म्हणून विकलेल्या मालाची खरेदी किंमत 39,60,000. वजा केलं की 7,20,000 उरतात. म्हणजे या आकड्याचा सगळा भार त्या 10 टक्क्यांवर आहे. नफा अर्धा टक्का कमी सुटला असेल तरी साठा 22,000 ने खाली येतो. दिवाळीत साखर-तेलाला भाव पाडून विकलं की इतकं सहज होतं. 6,400 म्हणजे विक्रीच्या जेमतेम 0.15 टक्के. एवढ्यासाठी चोरी शोधत बसू नये. हाच आकडा 60,000 असता तर मात्र मी गल्ला आणि बिलबुकं तपासायला सांगितलं असतं.

मग ताळेबंदात काय लिहायचं? मोजलेला माल 6,66,000 अधिक वाटेतले डबे 24,000, एकूण 6,90,000. मात्र डबे वाटेत कोणाच्या जोखमीवर होते, हे आधी विचारावं. माल दुकानात पोचेपर्यंत जोखीम व्यापाऱ्याची असेल, तर साठ्यात न धरता ती खरेदीच एप्रिलमध्ये न्यावी. घरी गेलेले 15,600 खरेदीतून काढून मालकाच्या उचल खात्याला टाकायचे, तोटा म्हणून दाखवायचे नाहीत. शिळ्या बिस्किटांना शून्य किंमत लावली हे योग्यच, कारण साठ्याला खरेदी किंमत किंवा विकून हाती येणारी रक्कम, यांतली कमी ती धरतात. वितरक ती परत घेणार असेल तर गोष्ट वेगळी. घरी नेलेल्या आणि फेकून दिलेल्या मालावर जीएसटीची वजावट घेतली असेल, तर ती परत करावी लागते. ही गोष्ट दुकानदार हमखास विसरतात.

एवढं केल्यावर ढोबळ नफा 4,25,600, म्हणजे विक्रीच्या 9.67 टक्के येतो. तूट, शिळा माल आणि ते 6,400 या टक्क्यातच सामावले गेले.

सीएंनी पत्र वाचून दुकानदारांकडे एकच कागद मागितला : तेलाच्या डब्यांची 29 मार्चची वाहतूक पावती. ती टेम्पोवाल्याकडे सापडली.