मागे जाताना हरवलेला चौकोन

चित्राच्या प्रोग्राममध्ये चौकोन काढा, लाल रंगवा, पुसा. आता अनडू करा: लाल चौकोन परत येतो. इथेच थांबणाऱ्या परीक्षकाला सगळं ठीक वाटतं. दुसऱ्या अनडूला मात्र रंग जातच नाही. कारण परत आलेल्या चौकोनाला प्रोग्रामने नवा अंतर्गत क्रमांक दिलेला असतो आणि रंगाची नोंद जुन्याच क्रमांकाला शोधत बसते.

म्हणून संगणकाकडूनच काढणं, हलवणं, रंगवणं, पुसणं अशा 500 कृती सरमिसळ करवतात आणि प्रत्येकीनंतर फाइलची प्रत ठेवतात. मग एकेक पाऊल मागे जात त्या-त्या प्रतीशी ताडून पाहतात, रीडूने पुढे येतानाही तसंच. नुसतं चित्र जुळून भागत नाही; क्रमांकही जुळावे लागतात.