‘Kelad madhe’ म्हणजे नेमके कुठे?

वेल्ह्याहून पासलीमार्गे एक रस्ता केळदला आणि तिथून पुढे मढे घाटाकडे जातो. पावसाळ्यात अशा डोंगरी वाटेवर दरड आली की निरोप व्हॉट्सॲपवरून फिरतात. कुणी ते रोमन अक्षरांत लिहितो, कुणी भिंतीवर लावलेल्या सूचनेचा फोटो टाकतो. वाचणाऱ्याला कळले म्हणजे झाले, असा त्यामागे समज असतो. तो कुठे कुठे फसतो ते पाहू.

गैरसमज : रोमन अक्षरांत लिहिले तरी मराठी माणसाला बरोबर कळते.

वस्तुस्थिती : घरच्या गप्पांत कळते, कारण संदर्भ आधीच ठाऊक असतो. पण समजा, `Kelad madhe rasta band ahe` एवढाच निरोप आला. ‘केळदमध्ये रस्ता बंद आहे’ असे वाचले तर अडथळा गावातच आहे. ‘केळद-मढे रस्ता बंद आहे’ असे वाचले तर केळदपर्यंत जाता येते, पुढे घाटाकडे मात्र नाही. पासलीचा माणूस फोन करून खात्री करून घेईल. पुण्याहून निघालेल्या पाहुण्याला ती सोय नसते. देवनागरीत ‘मध्ये’ आणि ‘मढे’ यांची गल्लत होत नाही. रोमनमध्ये ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड सहसा एकाच अक्षराने लिहिले जातात. ऱ्हस्व-दीर्घही पुसले जाते. त्यामुळे `gal` हा विहिरीतला गाळ, माशाचा गळ किंवा चेहऱ्यावरचा गाल, यांपैकी काहीही असू शकतो.

गैरसमज : फोटोत सगळे दिसते, मग मजकूर कशाला?

वस्तुस्थिती : डोळ्यांना जी अक्षरे दिसतात, ती फोनच्या लेखी नुसते रंगाचे ठिपके असतात. महिन्याभराने ग्रुपमध्ये ‘केळद’ शोधले तर फोटोतला निरोप सापडत नाही, आणि `Kelad` लिहिलेलाही नाही. कारण शोध त्याच अक्षरांचा होतो. दृष्टिहीन माणसाचा फोन मजकूर वाचून दाखवतो, फोटोपाशी मात्र अनेकदा ‘फोटो’ एवढेच सांगून अडतो. रोमनमधली मराठी तो बऱ्याचदा इंग्रजी उच्चारांत वाचतो.

फोटोतून अक्षरे उचलणारी साधने आहेत आणि स्वच्छ छपाईवर ती चांगली चालतात. घडी पडलेला, सावली आलेला किंवा हाताने लिहिलेला कागद असला की ती चुकतात. घ-ध, भ-म, थ-य अशा जोड्या अदलाबदल होतात, अनुस्वार आणि रफार गळतात. शब्द चुकला तर वाक्यावरून लक्षात येते. गट क्रमांकातला १ चुकून ९ झाला तर वाक्य तसेच नीट वाटते. म्हणून असा उचललेला मजकूर पाठवण्यापूर्वी नावे, तारखा आणि आकडे मूळ कागदाशी ताडून घ्यावेत.

गैरसमज : देवनागरी जड असते, रेंज कमी असली की जात नाही.

वस्तुस्थिती : ही समजूत एसएमएसच्या काळातली आहे, आणि तेव्हा तिला आधार होता. साध्या एसएमएसमध्ये रोमनची 160 अक्षरे मावतात, देवनागरीची 70; काना, मात्रा, वेलांटी यांचीही त्यात वेगळी गणती होते. तरी ‘केळद-मढे रस्ता बंद आहे.’ ही 23 चिन्हे आरामात बसतात. व्हॉट्सॲपवर तर ही 70 ची अडचणच नाही. देवनागरीचे एकेक चिन्ह साधारण 3 बाइट घेते, म्हणजे हे वाक्य 60 बाइटांच्याही आत. त्याच सूचनेचा फोटो 100 केबीचा असला तरी लाखभर बाइट होतात. रेंज येत-जात असताना आधी मजकूर पोचतो, फोटो फिरत राहतो.

गैरसमज : पीडीएफमध्ये मराठी दिसते, म्हणजे मूळ मजकूर आहेच.

वस्तुस्थिती : दरवेळी नाही. काही पीडीएफ म्हणजे स्कॅन केलेले फोटोच असतात. काही जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात; तिथे पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत वेगळेच रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. पारख सोपी आहे. एक ओळ कॉपी करून संदेशात चिकटवा. तीच ओळ उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. निरर्थक चिन्हे आली तर जुना फॉन्ट. ओळ निवडताच आली नाही तर बहुधा फोटो.

गैरसमज : देवनागरी टाइप करायला वेगळा कीबोर्ड शिकावा लागतो.

वस्तुस्थिती : जीबोर्डसारख्या कीबोर्डवर रोमनमध्ये टाइप केले की वर देवनागरी पर्याय येतात. `madhe` टाइप करून ‘मध्ये’ की ‘मढे’ हे लिहिणाराच निवडतो, आणि त्यालाच ते ठाऊक असते. नेमका पर्याय वर आला नाही, तर तो शब्द मराठी अक्षरांच्या कीबोर्डवर लिहावा. बोलूनही टाइप करता येते. मात्र गावांची नावे तपासून घ्यावीत.

फोटोचे काम उरतेच. शिक्का, सही, हद्दीचा नकाशा यांचा पुरावा मजकुराने होत नाही. अशा वेळी फोटोखालीच गावाचे नाव, तारीख, गट क्रमांक आणि मुख्य वाक्य देवनागरीत लिहावे. महाभूलेखवर नावाने सातबारा शोधतानाही नाव मराठीतच द्यावे लागते. ते मजकुरातून उचलता येते, फोटोवरून पुन्हा टाइप करावे लागते.