विणलेल्या स्वेटरवर कात्री

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंड बेटं आहेत. तिथल्या विणकर बायका पुढून उघडणारा, बटणांचा स्वेटरही आधी बंद नळीसारखा विणतात. मग छातीच्या मधोमध, खालपासून वरपर्यंत, सरळ कात्री चालवतात. ज्याने कधी विणकामाची सुई हातात धरली आहे त्याच्या पोटात हे ऐकून गोळा येतो. सुईवरून एक टाका निसटला तरी तो भराभर खाली धावतो हे आपण पाहिलेलं असतं. मग इतके टाके एकदम कापल्यावर स्वेटर उरेलच कसा?

पण नळी विणायची कशाला, हे आधी बघू. शेटलंडच्या दक्षिणेला असलेल्या फेअर आयल या छोट्या बेटाच्या नावाने ओळखली जाणारी नक्षी दोन रंगांच्या धाग्यांनी एकाच वेळी विणतात. एका ओळीत दोनच रंग. ज्या रंगाचा टाका चालू नसेल तो धागा कापडाच्या मागून मोकळा जातो. सपाट विणायचं तर एक ओळ सुलट आणि दुसरी उलट्या बाजूने विणावी लागते. उलट्या बाजूने नक्षी दिसत नाही, दोन्ही धागे हाताच्या अंगाला येतात, आणि घट्टपणाही ओळीगणिक बदलतो. गोल विणलं की चांगली बाजू कायम समोर राहते आणि हात वेगाने चालतो. नगावर मजुरी मिळणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा वेग म्हणजे पैसा होता. म्हणून सगळंच गोल विणायचं, आणि पुढची उघडझाप जिथे हवी तिथे काही जास्तीचे टाके घालून ठेवायचे. कापण्यासाठीच विणलेल्या या उभ्या पट्टीला स्टीक म्हणतात.

आता कात्रीचं कोडं. विणलेल्या कापडातला धागा आडवा चालतो, पण टाके एकमेकांना उभे धरून असतात. प्रत्येक फास खालच्या फासातून बाहेर आलेला असतो आणि वरच्या फासाने त्याला अडवलेलं असतं. वरचा फास सुटला की खालच्याला अडवणारं कुणी उरत नाही; तो सुटतो, मग त्याच्या खालचा. टाका धावतो तो असा, आणि धावतो तो नेहमी उभ्या रांगेतच. कात्रीने उभी चीर दिली की मात्र प्रत्येक ओळीत धाग्याची टोकं तयार होतात, फास मोकळा होत नाही. शेजारच्या रांगेतल्या फासातून अजूनही वरचा फास तसाच गेलेला आहे, आणि तो स्वतःही खालच्या फासात तसाच आहे. त्याला सुटायचं असेल तर धाग्याचं कापलेलं टोक या सगळ्या वळणांतून आडवं सरपटत बाहेर यायला हवं, आणि तेही प्रत्येक ओळीत वेगवेगळं. म्हणजे कापलेली कड उसवते ती धावत नाही, झिजल्यासारखी एकेक रांग करत आडवी सरकते. ती सरकते ते कुणी आडवं ओढलं तरच.

ती किती सरकेल हे घर्षण ठरवतं. खुंट्याला दोर दोन-तीन वेढे देऊन धरला की उधळलेला बैलही एका हाताने आवरतो, तोच हिशेब इथे लागू होतो: वळण वाढलं की पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. समजा, लोकरीवर लोकर घासताना घर्षणाचा गुणक 0.3 आहे आणि एका टाक्यात धाग्याला निदान अर्धा वेढा बसतो. मग एका टाक्याने ओढ सुमारे अडीचपट अडते आणि लागोपाठ तीन टाक्यांनी जवळजवळ सतरापट. गुणक निम्मा केला, म्हणजे धागा गुळगुळीत घेतला, तर एका टाक्याने दीडपटीहून जरा जास्त आणि तिन्ही मिळून जेमतेम चौपट. आकडे नमुन्याचे आहेत, पण यातला फरक खरा आहे. शिवाय या गुणाकाराला सुरुवातीला थोडी तरी पकड लागते. शून्याला कितीही पटींनी गुणलं तरी शून्यच. ती पहिली पकड लोकरीच्या तंतूवरच्या सूक्ष्म खवल्यांतून येते. हे खवले मुळाकडून टोकाकडे झुकलेले असतात. सुतात काही तंतू एका दिशेने आणि काही उलट दिशेने असल्यामुळे धागा कुठल्याही बाजूला ओढला तरी काही खवले आडवे येतातच. शेटलंडची लोकर अशी धरून बसणारी असते, म्हणून तिथे जुन्या पद्धतीत कापण्याआधी काही मजबुती केलीच जात नाही. आठ-दहा टाक्यांचा स्टीक कापायचा, कडेला दोन-तीन टाके ठेवून बाकीचं छाटायचं आणि उरलेली पट्टी आत दुमडून फुलीच्या टाक्यांनी हलकेच बसवायची. पुढे वापरात आणि धुण्यात ती आपोआप थिजून नमद्यासारखी घट्ट होते.

आपल्याला तेवढी भीड चेपलेली नसते, म्हणून कापण्याआधी क्रोशाने मजबुती करायची रीत बघू. समजा, स्वेटरचा घेर 100 सेंटिमीटर आहे आणि दहा सेंटिमीटरला 28 टाके व 30 ओळी बसतात. अंगाचे 280 टाके झाले, त्यांत स्टीकचे सात वाढवायचे, म्हणजे अडीच सेंटिमीटरची पट्टी. हे सात टाके एकाआड एक रंगात विणायचे: गडद, फिकट, गडद, फिकट, गडद, फिकट, गडद. याने उभे पट्टे पडतात आणि मधली फिकट रांग डोळ्यांना सापडते. पण त्याहून मोठा फायदा वेगळा आहे. कात्री लागल्यावर मागून जाणारा मोकळा गडद धागाही कापला जातो. लगेच शेजारच्या टाक्यात तो पुढे येऊन विणला गेलेला असेल, तर तिथेच अडकतो. लांब मोकळा धागा असेल तर कापलेलं टोक तसंच लोंबत राहील. रंग बदलायचा तोही याच मधल्या रांगेत बदलायचा. मग गाठी आणि शेंड्या कापण्यातच निघून जातात, एकही शेंडी आत घुसवत बसावं लागत नाही.

विणून झाल्यावर स्वेटर कोमट पाण्यात भिजवून, पिळून, पसरून वाळवावा आणि मगच पुढे जावं. लोकर पाणी पिते, तंतूच्या आतले काही हलके बंध तुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. धुतलेला स्वेटर उसवला तर धागा कुरळाच निघतो तो यामुळे. टाक्याला वळण लागलेलं असतं, तो चट्कन सरळ होऊन निसटत नाही.

आता सुलट टाक्याकडे जवळून पाहा. इंग्रजी व्ही अक्षरासारखे त्याला दोन पाय दिसतात, आणि दोन पायांच्या मध्ये, किंचित मागे, खालच्या टाक्याचा आडवा माथा दिसतो. मधल्या फिकट रांगेतल्या टाक्याचा डावा पाय आणि त्याला लागून असलेल्या गडद टाक्याचा उजवा पाय, असे दोन्ही पाय एकत्र क्रोशाच्या सुईवर घ्यायचे आणि त्यांतून मुका खांब काढायचा. खालच्या कडेपासून वरच्या बंद केलेल्या कडेपर्यंत, एकही ओळ न सोडता, असंच जायचं. मग परत फिरून मधल्या टाक्याचा उजवा पाय पलीकडच्या गडद टाक्याच्या डाव्या पायाशी तसाच बांधायचा. धागा अंगाच्या धाग्याएवढाच किंवा त्याहून बारीक, पण लोकरीचाच. सुई दोन-अडीच मिलिमीटरची पुरते. दोन्ही साखळ्या पुऱ्या झाल्या की त्या दोन बाजूंना कलतात आणि मध्ये नुसते आडवे माथे शिडीच्या पायऱ्यांसारखे उघडे पडतात. कापायचे ते हेच.

कापण्याआधी कापड उलटवून बघणं चुकवू नये. साखळी मध्येच एक रांग बाजूला सरकली असेल तर पायऱ्यांची रेघ तिथे मोडलेली दिसते. तेवढा भाग उसवून पुन्हा करावा. कड लाटेसारखी फुगत असेल तर क्रोशाचा धागा जाड किंवा सुई मोठी झाली आहे, आणि गोळा होत असेल तर हात आवळला आहे. नळीच्या आत पुठ्ठ्याची पट्टी सरकवावी, नाहीतर पाठही कापली जाईल, हे घडतं. छोटी, टोकाला धारदार कात्री घ्यावी आणि दोन-तीन पायऱ्याच एका वेळी कापाव्यात. 50 सेंटिमीटर उंचीला 150 ओळी, दर ओळीत दोन रंगांचे दोन धागे, म्हणजे तीनशे धागे कापले जातात आणि सहाशे टोकं तयार होतात. तरी कापून झाल्यावर स्वेटर जिथल्या तिथे असतो. माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत कंटाळवाणं काम कापणं हेच आहे. मग अंग आणि स्टीक यांच्या सीमेवरून टाके उचलून बटणपट्टी विणायची. सव्वा सेंटिमीटरची कापलेली पट्टी आपोआप आत वळते. तिला हातशिलाईने सैलसर टाचायचं. वरचा आणि खालचा कोपरा मात्र दोन-चार जास्तीचे टाके घालून पक्का करावा, कारण स्वेटर घालताना-काढताना ओढ तिथेच बसते.

क्रोशाची ही युक्ती एका उभ्या रांगेच्या पायांना धरून चालते, म्हणून तिरप्या किंवा गोल चिरेवर ती कुचकामी ठरते. जाणकार गळ्यालाही स्टीक सरळच ठेवतात आणि गळ्याचा आकार स्टीकच्या शेजारच्या टाक्यांत घट करून काढतात. दुसरी मर्यादा धाग्याची. मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीवर बहुतेकदा क्लोरिनची प्रक्रिया करून वर पॉलिमरचा पातळ लेप दिलेला असतो. खवले बोथट झाले की पहिली पकडच जाते. सुती धाग्याला आणि आपल्याकडच्या दुकानांत सर्रास मिळणाऱ्या ॲक्रिलिकला खवले मुळातच नसतात. अशा धाग्यात क्रोशाच्या साखळीखालून टोक सरकतं, कारण साखळी धाग्याला नुसती आवळते, भेदत नाही.

तिथे शिवणमशीन हवं. नॉर्वेत ही जुनीच चाल आहे. सेतेसदाल खोऱ्यातल्या काळ्या-पांढऱ्या स्वेटरांची कापलेली कड मशीनने शिवून वर भरतकामाची कापडी पट्टी चढवतात. कापायच्या रेघेच्या दोन्ही अंगांना, टाक्यांच्या पायांवरूनच, बारीक टीप दोनदा मारायची. टीप दीड-दोन मिलिमीटरची असावी, म्हणजे सुई प्रत्येक ओळीतल्या धाग्याला आरपार भोसकते. आता टोक सरकायचं तर शिवणीचा दोरा तुटायला हवा. याची किंमत अशी की शिवण ताणत नाही आणि विणलेलं कापड ताणतं. दाबपट्टीखाली कापड ओढलं गेलं तर ते ताणलेल्या अवस्थेतच शिवलं जातं आणि कड कायमची लाटांची होते. दाब कमी करून, कापड हाताने पुढे ढकलत, न ओढता शिवावं. मशीन नसेल तर हाताने बारीक उलटी टीप, धागा मधोमध भेदत, तेवढंच काम देते. फक्त वेळ खाते.

कुठली मजबुती लागेल ते धाग्यालाच विचारता येतं. त्याच धाग्याची, त्याच नक्षीची हातभर घेराची छोटी नळी विणावी, धुवून वाळवावी आणि काहीही मजबुती न करता उभी कापावी. मग कापलेल्या दोन कडा धरून आडव्या ओढाव्यात, पाच-दहा वेळा, चांगल्या जोराने. एकच रांग पिंजून तिथेच थांबली तर क्रोशा पुष्कळ झाला. दोन-तीन रांगा गेल्या आणि अजून सरकतच असतील, तर स्वेटरला मशीनची टीप घालायची.