दारू सुटली, गोडाची ओढ लागली

घोड आणि भीमा यांच्या काठी पसरलेल्या शिरूर-दौंडच्या उसाच्या मुलखात, दारू सोडलेला एखादा गृहस्थ चहात चार-चार चमचे साखर घालू लागला, किंवा गुळाच्या ढेपेकडे वरचेवर वळू लागला, म्हणजे ‘एक व्यसन गेले आणि दुसरे आले’ असा निवाडा घरात होऊन जातो. त्यामागील तीन समजुती तपासून घेणे इष्ट आहे.

गैरसमज : दारूतली साखर बंद झाली, म्हणून शरीर साखर मागते.

वस्तुस्थिती : न्हावरे-पाटसकडील साखर कारखान्यांतून निघते तशी मळी आंबवली असता तिच्यातील साखरेचेच मद्य बनते, आणि ऊर्ध्वपातनात मद्यार्काची वाफ तेवढी वर जाऊन उरलीसुरली साखर मागे राहते; सबब देशी दारूत साखर जवळजवळ नसतेच. कॅलरी मात्र असतात. ४२.८ टक्के मद्यार्काच्या १८० मिलिलिटर क्वार्टरमध्ये त्या सुमारे सव्वाचारशे भरतात. रोज एक क्वार्टर घेऊन उपाशीच निजणाऱ्या मजुराने दारू सोडली, पण रात्रीचे जेवण पूर्ववत केले नाही, तर संध्याकाळी त्याला जे छळते त्यात भुकेचा वाटा मोठा असतो. आणि मेंदूतील ज्या सुखकेंद्रांना दारू चेतवीत असे, त्यांनाच गोड पदार्थही काही अंशी चेतवीत असल्यामुळे ती भूक भाकरीऐवजी पेढ्याकडे धावते.

गैरसमज : हात कापू लागले की साखरपाणी हाच इलाज.

वस्तुस्थिती : पहिल्या तीन-चार दिवसांतील कंप, घाम, झटके आणि भ्रम ही बहुधा दारू एकाएकी तुटल्याची लक्षणे असतात, आणि ती साखरेने शमत नाहीत. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या अंगी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, अनेकदा उणे असते. साखरेच्या विनियोगास तेच लागत असल्यामुळे, त्याच्यावाचून दिलेले ग्लुकोजचे सलाईन मेंदूस अपाय करू शकते. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे आणि तो किती व केव्हापासून पीत होता, हे वैद्यास निःसंकोच सांगावे. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याची रक्तशर्करा मात्र खरोखरच उतरलेली असू शकते, म्हणून ती तत्काळ मोजावी. मोजण्याची सोय नसेल आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल, तर त्यास साखर द्यावी.

गैरसमज : साखर वाईट, गूळ कितीही चालतो.

वस्तुस्थिती : दौंडच्या गुऱ्हाळातला गूळ झाला तरी तो मुख्यत्वे साखरच. तथापि पहिल्या काही आठवड्यांत पिण्याचा आवेग टळत असेल, तर गुळाचा एखादा खडा खुशाल घ्यावा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्येही गोड जवळ ठेवण्याचा सल्ला जुनाच आहे. मधुमेही किंवा यकृताचा विकार असलेल्याने मात्र वैद्याच्या विचारानेच घ्यावा. खरा बंदोबस्त पोटाचा : दर तीन-चार तासांनी काहीतरी खावे, आणि पूर्वी ज्या घटकेला पाय गुत्त्याकडे वळत, तिच्या अर्धा तास आधी भाकरी-उसळ, अंडी किंवा मूठभर शेंगदाणे पोटात जावेत. त्यानंतर उरणारी गोडाची इच्छा बहुधा अर्ध्या तासात ओसरते. जेवणाची जागाच गोडाने घेतली, किंवा तहान आणि लघवी वाढली, तर मात्र रक्तशर्करा तपासून घ्यावी.