जामीन मंजूर झाला, तरी पोरगा घरी का येत नाही?

गोवंडीत काम करताना हा प्रश्न मला आयांकडून वारंवार ऐकावा लागतो. मागच्या वर्षी आमच्या कामाच्या गल्लीतली एक ताई रात्री साडेनऊला दारात उभी राहिली. बावीस वर्षांच्या मुलावर मोबाइल चोरीचा गुन्हा होता आणि पहिल्यांदाच पोलिसांच्या वहीत नाव लागलेलं. जामीन मंजूर होऊन आठ दिवस झाले होते, पण मुलगा आतच होता. "वकील म्हणतो झालं, तुरुंगवाले म्हणतात कागद नाही. मग खरं कुणाचं?"

खरं दोघांचंही होतं. आदेशात लिहिलं होतं, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायचं की मी तारखेला येईन, नाही आलो तर एवढी रक्कम भरीन. तो लिहायला काही लागत नाही. अडतं ते जामीनदारापाशी, कारण आरोपी पळाला तर पैसे भरण्याची हमी त्याने द्यायची असते. त्यासाठी कोर्ट त्याचं रेशनकार्ड, पगाराची पावती, घराचे कागद मागतं आणि त्यांची पडताळणी करतं. या ताईच्या ओळखीतले सगळे भाड्याच्या खोलीत राहणारे, कुणी नाका कामगार, कुणी कचरा वेचणारे. आधारकार्डावर पत्ता गावचा. पगाराची पावती कुणाकडेच नाही.

म्हणून मुळापासून पाहू. जामीन म्हणजे सुटका नाही आणि तुरुंग म्हणजे शिक्षा नाही, निदान खटला संपेपर्यंत तरी नाही. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष धरायचा, हे आपल्या फौजदारी न्यायाचं गृहीतक आहे. मग निर्दोष धरलेल्या माणसाला कोंडायचं कशासाठी? कायद्याकडे याची मोजकीच उत्तरं आहेत. तो पळून जाईल, पुरावे नष्ट करील, साक्षीदारांना धमकावील किंवा पुन्हा गुन्हा करील. यातली एखादी भीती खरी असेल तर आत ठेवायचं, नसेल तर बाहेर. "गुन्हा वाईट आहे, म्हणून थोडे दिवस आत राहू दे" हे कारण या यादीत नाही, जरी व्यवहारात तेच सगळ्यात जास्त चालत असलं तरी.

अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, हा हक्क आज आपण गृहीत धरतो. संविधानाच्या मसुद्यात तो सुरुवातीला नव्हता. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी १५-अ हे नवं कलम संविधान सभेत मांडलं, तेच आजचं कलम २२. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात "कायद्याने ठरवलेली पद्धत" एवढेच शब्द राहिल्याने सभेत बरीच नाराजी होती, आणि ती उणीव थोडी भरून काढण्यासाठी आपण हे कलम आणतो आहोत, असं त्यांनी उघडपणे सांगितलं होतं. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा आहे, हेही विसरू नये. हा वाद तेव्हाही मिटला नव्हता.

आता पळून जाण्याच्या भीतीकडे येऊ, कारण आपल्या वस्तीचं घोडं तिथेच अडतं. उद्या हा माणूस पळेल की नाही, हे न्यायाधीशाने ओळखायचं कसं? तो अंदाज बांधतो, आणि अंदाजाला आधार लागतो कागदाचा. ज्याच्याकडे मालकीचं घर आहे तो पळणार नाही, ज्याच्याकडे भाडेकरारही नाही तो पळेल. ऐकायला सरळ वाटतं. पण ज्याच्याकडे पासपोर्ट, पैसा आणि परदेशात नातेवाईक आहेत त्यालाच पळता येतं. बैंगणवाडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आई, बहीण आणि रोजची मजुरी असलेला मुलगा पळून जाणार कुठे? पळाला तर खाणार काय?

हा युक्तिवाद माझा नाही. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो केला. मोतीराम गवंडीकाम करणारा गरीब माणूस. त्याला सर्वोच्च न्यायालयानेच जामीन दिला होता, पण खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ जामीनदार राहायला तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारलं. मोतीरामला पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारणं चुकीचं ठरवलं. पुढच्याच वर्षी बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी माणसाची मुळं समाजात किती घट्ट आहेत हे पाहायला सांगितलं. किती वर्षं त्या वस्तीत राहतो, काम काय करतो, घरी कोण आहे, आधी गुन्हे आहेत का, त्याच्याबद्दल खात्री देणारं कोणी आहे का. यातली एकही गोष्ट बँकेच्या पासबुकात नसते. आणि या प्रत्येकावर तुम्ही-आम्ही कार्यकर्ते कोर्टाला माहिती देऊ शकतो.

त्या ताईच्या मुलासाठी आम्ही तेच केलं. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळवला. मुलाच्या शाळेचा दाखला, बहिणीच्या लसीकरणाचं कार्ड, खोलीच्या मालकाचं प्रतिज्ञापत्र आणि ज्या दुकानात तो हमाली करायचा तिथल्या मालकाचं पत्र गोळा केलं. मग अट बदलून केवळ जातमुचलक्यावर सोडा, असा अर्ज केला. या अर्जाला ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांचा आधार आहे. जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पोचला पाहिजे. कैदी सात दिवसांत सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिकच जामीनदार पाहिजे असा हट्ट धरू नये, हेही त्यात आहे. बहुतेक कुटुंबांना हे माहीत नसतं, म्हणून ते कोर्टाबाहेर उभ्या असलेल्या भाडोत्री जामीनदाराला पैसे देतात. कागद खोटे निघाले की मुलावर दुसरा गुन्हा लागतो.

आणखी दोन तारखा घरी लिहून ठेवायच्या. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या अशा गुन्ह्यात साठ दिवसांत आरोपपत्र दाखल झालं नाही, तर जामीन हा हक्क होतो. मात्र आरोपपत्र येण्याआधी अर्ज टाकावा लागतो, एका दिवसाची गफलतही महागात पडते. दुसरी तारीख नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मधली. याआधी कधीही कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं, इतरांना निम्मा काळ. म्हणजे तीन वर्षांच्या गुन्ह्यात एक वर्ष. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तरी नाही. वस्तीतली बरीच मुलं या शेवटच्या अटीत अडकतात.

हे झालं साध्या गुन्ह्यांचं. यूएपीए लागला की गृहीतकच उलटतं. त्यातल्या कलम ४३ड(५) नुसार आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन द्यायचाच नाही, आणि प्रथमदर्शनी पाहायचं ते मुख्यतः पोलिसांच्याच कागदांवरून. एल्गार परिषद प्रकरणातले प्रा. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, स्वतः चालत जाऊन मुंबईत एनआयएच्या स्वाधीन झाले. स्वतः हजर होणाऱ्या माणसाच्या पळून जाण्याची भीती किती? पण या कायद्यात तो प्रश्नच मागे पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२२ ला त्यांना जामीन दिला, तो दहशतवादी कृत्याचे आरोप प्रथमदर्शनी दिसत नाहीत असं म्हणून. ते २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, तळोज्यातून बाहेर आले. अडीच वर्षांनी.

सुधीर ढवळे यांचं उदाहरण आणखी बोचतं. २०११ मध्ये त्यांना यूएपीएखाली अटक झाली आणि सुमारे चाळीस महिने तुरुंगात काढल्यावर २०१४ मध्ये गोंदियाच्या कोर्टाने निर्दोष सोडलं. ते चाळीस महिने कोण परत देणार? जून २०१८ मध्ये एल्गार प्रकरणात पुन्हा अटक झाली. ८ जानेवारी २०२५ ला उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षं उलटली होती, तीनशेहून अधिक साक्षीदार होते आणि आरोप निश्चितीसुद्धा झाली नव्हती. आदेशानंतरही बाहेर यायला २४ जानेवारी उजाडली. फादर स्टॅन स्वामी तर जामिनाचा निकाल येण्याआधीच, ५ जुलै २०२१ ला, वांद्र्याच्या रुग्णालयात गेले.

इथे आपल्याला एक अवघड गोष्ट स्वतःशी बोलावी लागेल. अत्याचाराच्या प्रकरणात आपणच मोर्चा काढतो की आरोपीला जामीन देऊ नका. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम १८ अटकपूर्व जामीन रोखतं, आणि मार्च २०१८ च्या निकालाने त्याला धक्का लागला तेव्हा देशभर आपण रस्त्यावर उतरलो. मग हा दुटप्पीपणा आहे का? माझ्या मते नाही, पण उत्तर "ते आपले आणि हे त्यांचे" असं देता येणार नाही. गावात पाटलाचा मुलगा जामिनावर सुटून त्याच रस्त्यावरून फिरू लागला की फिर्यादी बाईचा जबाब बदलतो. साक्षीदाराला धमकीची ही भीती ठोस असते, ती तपासता येते. म्हणूनच कलम १५अ जामिनाच्या सुनावणीत पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क देतं. तो वापरताना कोणी धमकावलं, केव्हा, कोणासमोर, हे लेखी द्या. नुसता "जातीयवादी आहे, आत ठेवा" असा अर्ज मलाही मान्य नाही. उद्या तेच वाक्य आपल्या पोरांविरुद्ध वापरलं जाईल.

एनसीआरबीच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत.

त्या ताईचा मुलगा आदेशानंतर एकेचाळिसाव्या दिवशी बाहेर आला. हमालीचं काम तोवर दुसऱ्याला गेलं होतं. खटला अजून सुरू आहे. आजपर्यंत नऊ तारखा झाल्या, नऊही वेळा तो सकाळी साडेदहाला कोर्टाच्या दारात हजर होता. चार वेळा पुढची तारीख मिळाली, कारण फिर्यादी आला नव्हता.